न मोजलेले श्वास: सर्जिकल वॉर्डमधील अनुभवावर चिंतन

या लेखनासाठी मी गिब्ज यांचे 1988 चे चिंतनचक्र वापरले आहे. गोपनीयतेसाठी रुग्णाला फक्त 'आजी' म्हटले आहे.

नर्सिंगच्या प्लेसमेंटचा तिसरा आठवडा. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आजींना मॉर्फिन सुरू होते, नाकाला ऑक्सिजनची नळी. ऑक्सिमीटरवर रक्तातील ऑक्सिजन 97 टक्के दिसला आणि मी चार्टवर श्वसनगती 18 लिहून टाकली. मोजली नव्हती. मागच्या तिन्ही नोंदी 18 च होत्या. मेंटॉर सिस्टरांनी चार्ट पाहिला, आजींच्या छातीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "घड्याळ काढ, पूर्ण मिनिट मोज." 9 भरले.

कान तापले. आधी भीती वाटली ती आजींची नव्हे, माझ्या मूल्यमापनाची. हे लिहितानाही लाज वाटते. चांगले एवढेच, की मी लगेच चूक कबूल केली आणि सिस्टरांनी डॉक्टरांना वेळेत बोलावले.

मॉर्फिन मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावते. प्रौढांची गती साधारण 12 ते 20 असते. जादा ऑक्सिजन चालू असताना गती घटली, तरी ऑक्सिमीटरचा आकडा बराच वेळ चांगला दिसू शकतो. वर्गात हे शिकले होते. पण वॉर्डात यंत्रावर दिसणारा आकडा खरा आणि डोळ्यांनी मोजायचा तो बिनमहत्त्वाचा, असे मी धरून चालले.

वेळ कमी होता म्हणावे, तर मिनिटच लागते.

यापुढे नाडी पाहून झाल्यावर मनगट न सोडता श्वास पूर्ण मिनिट मोजेन, मॉर्फिनसारखी ओपिऑइड औषधे घेणाऱ्यांची गुंगीही तपासेन आणि दोन आठवडे माझ्या नोंदी सिस्टरांकडून पडताळून घेईन.