मुग्धाच्या सासरी, थेसालोनिकीला पाठवलेले मेसेज

गुरुवार, 2 मे 2024, रात्री 9:10
मुग्धा, अंडी रंगवून झाली का गं? कांद्याच्या सालीत की दुकानातल्या पुडीने? सासूबाई, योर्गोस आणि थोमास, सगळ्यांना आमच्या घरून 'काली अनास्तासी'. उद्या एपिताफिओसची मिरवणूक, म्हणजे सुतकाचाच दिवस, म्हणून उद्या काही पाठवत नाही. थोमासच्या नोनाने यंदा कसली मेणबत्ती आणली त्याचा फोटो टाक. मागच्या खेपेला फुटबॉल लटकवलेली होती!

रविवार, 5 मे, पहाटे 2:36
ख्रिस्तोस अनेस्ती! तुमच्याकडे आत्ता कुठे बारा वाजून गेलेत. गजर लावून उठलेय, तेव्हा कौतुक करा. चर्चच्या आवारात गर्दीत असाल, उत्तराची घाई नको. ज्योत न विझता घरी पोचू दे, दारावर धुराचा क्रॉस उमटू दे आणि मग मायिरीत्सा! काळीज-आतडी तुझ्याच्याने खाववत नाहीत, तेव्हा तुझ्या वाटचं मश्रूमचं सूप सासूबाईंनी केलं असेलच. एवढ्या मोठ्या उपवासानंतर पोटाला जरा जपूनच हो.

पहाटे 3:20, मुग्धा
अलिथोस अनेस्ती!! ज्योत जिन्यात विझली, शेजाऱ्यांकडून परत पेटवून घेतली 🙈 थोमासच्या अंड्याने सगळ्यांची फोडली. झोप आता.

रविवार, 5 मे, दुपारी 1:15
(हा सासूबाईंना वाचून दाखव, शब्द गाळू नकोस.)
लांब्रिनी आई, नमस्कार. ईस्टरच्या आणि तुमच्या नावाच्या दिवसाच्या शुभेच्छा, ख्रोन्या पोला! तब्येत सांभाळा, शंभरी गाठा. कोकरू भाजायला मुलं आहेत, तुम्ही आज खुर्चीत बसून नुसते हुकूम सोडा. तुमच्या त्सुरेकीचा वास आठवून आम्ही इथे पुण्यात पावावर तूप-साखर घालून खातोय. आमच्या आईचाही तुम्हाला नमस्कार.

सोमवार, 6 मे, सकाळी 11:40
जावईबापू, ख्रोन्या पोला! 23 एप्रिल यंदा उपवासात आला म्हणून संत जॉर्जना आजपर्यंत थांबावं लागलं. तुमच्या पथ्यावरच पडलं म्हणा, कालचं कोकरू उरलंच असेल. आज न बोलावता येणारे खूप. मिठाईचे डबे मोजून ठेवा. आमच्या वाटणीचा एक मुग्धाने खाल्ला तरी चालेल.
आणि मुग्धा, तुला आणि आईंना 'ना तोन हेरेस्ते'. सुखाने नांदा.

सोमवार, 6 मे, दुपारी 12:05
अगं, येत्या रविवारी, 12 तारखेला, थोमासचा दिवस ना? त्याला संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते. तुमचे पाच म्हणजे आमचे साडेसात, चालेल का? भेट म्हणून काय हवंय ते त्यालाच विचार, तू ठरवू नकोस.