खांबावर गाळ साचत नाही

पुलाच्या रुंदीकरणाचा अहवाल सोमवारी मंजुरीसाठी जायचा होता. अनघाकडे काम सोपं होतं: आकडे तपासायचे, पानांचे क्रमांक घालायचे, सह्या घ्यायच्या. तपासता तपासता ती एका तक्त्याशी थांबली. ‘पायाची खोली, नदीतळापासून : 30.0 मी.’

तीस मीटर खोल विहिरीचा पाया, तोही इतक्या छोट्या पुलाला?

तिने मूळ नकाशाची झेरॉक्स काढली. रेषा फिकट झालेल्या, आणि जिथे मोजमापाची टीप असायची तो खालचा उजवा कोपरा झेरॉक्समध्ये आलाच नव्हता. पातळ्या मात्र स्वच्छ वाचता येत होत्या. रस्ता 338.00, नदीतळ 312.40, पायाचा तळ 282.40. वजाबाकी बरोबर होती, तीसच येत होते. आकड्यांपुढे एकक कुठेच नव्हतं.

तिने दुसरी वजाबाकी केली, रस्त्यापासून नदीतळापर्यंतची. 25.60. अनघाने स्वतः त्या पुलाच्या कठड्यावरून टेप सोडली होती. आकडा तिला वहीत बघावाही लागला नाही : 7.80.

0.3048 ने गुणलं. 7.80.

हात गार पडले तिचे. तीस फूट म्हणजे 9.14 मीटर.

पुलाचं जे जे डोळ्यांना दिसतं, ते सगळं नव्याने मोजलं गेलं होतं. गाळे, कठडे, गर्डर, भेगासुद्धा. त्या आकड्यांत चूक राहणं कठीणच होतं. जुन्या कागदावरून उचलला गेला तो फक्त जमिनीखालचा भाग, कारण तिथे टेप पोचत नाही. आणि पूर आला की पूल ज्याच्या जिवावर उभा राहतो, तो नेमका तोच भाग.

तिने पुराचं गणित पुन्हा मांडलं. मोठ्या पुरात खांबाभोवतीचा तळ 7.2 मीटर खरवडला जाईल, असं अहवालातच होतं. तीस मीटरच्या पायाला त्याचं काहीच नव्हतं, खाली 22.8 मीटर पकड उरत होती. आता उरत होती 1.94. पुराची पातळी तळापासून पाच मीटर वर, म्हणजे पातळीपासून खरवड 12.2 मीटर. तिच्या एक तृतीयांश, चार मीटरहून थोडी जास्त पकड हवी. निम्मीही नव्हती.

अहवालावर सही मोरे सरांची होती. त्यांनीच तिला लेव्हल लावायला शिकवलं होतं.

“सर, दोन मिनिटं.”

मोरे सरांनी नकाशा पाहिला, तिची वही पाहिली. “नदीचा तळ एका जागी राहतो का, अनघा? इतक्या वर्षांत गाळ भरला असेल. तुझी टेप गाळावर टेकली.”

“जवळजवळ अठरा मीटर गाळ, सर?”

“धरणाखालची नदी आहे. एका जुळणाऱ्या आकड्यावर मी अहवाल मागे घेऊ?”

शंका रास्त होती, आणि म्हणूनच अनघाला आधार वाटला. रागावले असते तर बोलणं तिथेच संपलं असतं. तिने नकाशा पुन्हा समोर ओढला आणि गाळाशी संबंध नसलेलं एखादं माप शोधू लागली. एका खांबाच्या आडव्या छेदात, दोन बाणांच्या मध्ये, बारीक अक्षरात लिहिलं होतं : 6.00.

“खांबाची जाडी सहा मीटर, सर. आपण मोजली ती?”

मोरे सरांनी मोजणीची वही उघडली. बोट ओळीवरून सरकत एका ठिकाणी थांबलं.

“1.83,” ते म्हणाले.

“खांबावर गाळ साचत नाही, सर.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कॅल्क्युलेटर घेऊन त्यांनी तिन्ही मापं स्वतः करून पाहिली, घाई न करता, एकेक आकडा दोनदा दाबून. अहवालाचं सहीचं पान काढलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली तारीख घातली.

“साहेबांना मी सांगतो. चूक माझ्या सहीची आहे.” फोन उचलता उचलता ते थांबले. “तू बोरिंगवाल्यांशी बोल. खांबाच्या माथ्यापासून पायाच्या तळाखालपर्यंत भोक घ्यायचं, दोन खांबांना तरी. कागदावर आता विश्वास नको, ना मीटरच्या ना फुटांच्या.”

“आणि तोवर?”

“तोवर रुंदीकरण बंद. पाण्याने इशाऱ्याची खूण गाठली की पूल वाहतुकीला बंद, रात्री असो की दिवसा. खांबांभोवती मोठे दगड टाकायचा अंदाज आजच कर.” त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. “खोली किती धरशील?”

“9.14 मीटर, सर.”

“नऊ धर. आणि ती झेरॉक्स इथेच ठेव, साहेब बघायला मागतील.”