विषय: कऱ्हा खोरे विहीर-पाणी गटप्रकल्प – अहवालासाठी २३ मार्चपर्यंत मुदत मिळण्याबाबत विनंती

आदरणीय कुलकर्णी मॅडम,

सविनय नमस्कार.

मी स्नेहल जाधव, एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र, द्वितीय वर्ष. ओंकार, फातिमा, प्रतीक आणि मी, आम्हा चौघांच्या गटाच्या वतीने लिहीत आहे. आमच्या प्रकल्पाचा अहवाल सोमवार, १६ मार्च २०२६ रोजी द्यायचा आहे. तो सोमवार, २३ मार्च रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत सादर करण्याची परवानगी द्यावी, अशी आपणांस नम्र विनंती आहे.

अडचण आमच्याच चुकीने उद्भवली आहे, म्हणून ती सविस्तर सांगते. या सोमवारी २४ विहिरींच्या धन आणि ऋण आयनांच्या बेरजा ताडून पाहिल्या, तेव्हा आपण वर्गात सांगितलेल्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत फक्त पाच विहिरी बसल्या. उरलेल्या एकोणीस विहिरींत ७ ते ११ टक्के फरक आला आणि सगळीकडे धन आयनच जास्त भरले. चूक एकाच दिशेची असल्यामुळे आम्ही वह्या पुन्हा तपासल्या. पहिल्या पाच विहिरींचे टायट्रेशन ईडीटीएच्या पहिल्या बाटलीतून झाले होते आणि त्या द्रावणाचे आम्ही रीतसर स्टँडर्डायझेशन केले होते. दुसरी बाटली २५ फेब्रुवारीला घाईत तयार केली आणि तिची तीव्रता ०.०१ मोलर आहे असे नुसते गृहीत धरले. मंगळवारी तपासली, तर ती ०.००७५ निघाली. बाटली उजेडासमोर तिरकी धरली तेव्हा तळाशी न विरघळलेल्या पांढऱ्या क्षाराचा थर स्पष्ट दिसत होता.

जुन्या आकड्यांना ०.७५ ने गुणून अहवाल वेळेत देता आला असता. तो विचार आमच्याही मनात आला, पण तो क्षार रोज थोडाथोडा विरघळत गेला असणार, म्हणजे आठ दिवसांच्या कामात द्रावणाची तीव्रता एकसारखी राहिली असेल याची खात्री देता येत नाही. मोरगावजवळच्या १७ क्रमांकाच्या विहिरीचे काठिण्य आम्ही लिटरला ६४० मिलिग्रॅम नोंदवले आहे. आयएस १०५०० या मानकानुसार, पर्यायी स्रोत नसेल तरी चालणारी मर्यादा ६०० आहे. खरा आकडा ४८० च्या आसपास असू शकतो. त्या विहिरीवरच्या आजींनी आम्हांला पाणी भरू देताना सांगितले होते की या पाण्यात डाळ शिजत नाही, सोडा घालावा लागतो, तेव्हा तुमचे निकाल आले की आम्हांला कळवा. त्यांना मर्यादेच्या आतले पाणी मर्यादेबाहेरचे म्हणून सांगणे आम्हांला योग्य वाटत नाही.

सुदैवाने सोळा विहिरींचे नायट्रिक आम्ल घातलेले नमुने फ्रिजमध्ये शिल्लक आहेत, त्यामुळे त्यांचे कॅल्शियम आणि एकूण काठिण्य पुन्हा मोजता येईल. तीन विहिरींच्या बाटल्या मात्र संपल्या आहेत. त्यांचे पाणी शनिवारी, १४ तारखेला, ओंकार आणि प्रतीक जाऊन आणतील आणि त्या तिन्हींच्या सर्व चाचण्या नव्याने होतील. हे पाणी फेब्रुवारीतले नसून मार्चमधले आहे, हे अहवालात स्पष्ट लिहू. एकोणीस विहिरी, दोन मोजण्या आणि प्रत्येकी तीन वाचने धरून ११४ टायट्रेशन होतात. प्रयोगशाळेतल्या काकांशी बोलून उद्या शुक्रवारी आणि पुढच्या मंगळवार-बुधवारी दोन ब्युरेटची जागा मिळवली आहे. गुढीपाडव्याला, गुरुवारी, प्रयोगशाळा बंद असेल. त्या दिवशी घरी बसून तक्ते आणि आलेख नव्याने करू, आणि शुक्रवार ते रविवार निष्कर्षांचे प्रकरण पुन्हा लिहून काढू.

नायट्रेट, क्लोराइड आणि बाकीच्या चाचण्यांना ईडीटीए लागत नसल्याने, नव्याने पाणी आणायच्या तीन विहिरी सोडल्यास, ते आकडे बदलणार नाहीत. प्रस्तावना, अभ्यासक्षेत्र आणि कार्यपद्धती ही पहिली तीन प्रकरणे पूर्ण आहेत. ती, विहिरींचा नकाशा आणि वर सांगितलेला आयन-ताळेबंदाचा तक्ता सोबत जोडला आहे. सवड मिळाल्यास आपण तक्ता पाहावा आणि आमच्या निदानात काही चूक असल्यास सांगावी. २७ मार्चच्या सादरीकरणाची तारीख बदलण्याची आमची विनंती नाही.

उशिराबद्दल नियमाप्रमाणे गुण कापले जाणार असतील, तर ते आम्हा चौघांनाही मान्य आहे. मुदत देणे शक्य नसल्यास १६ तारखेला अहवाल जरूर सादर करू, मात्र त्यात एकोणीस विहिरींच्या काठिण्याचे आकडे न देता ती जागा कारणासह मोकळी ठेवू. आपण जे ठरवाल त्याप्रमाणे पुढील काम आखता यावे, म्हणून शक्य झाल्यास उद्या संध्याकाळपर्यंत कळवावे. प्रत्यक्ष भेटून बोलणे आपणांस सोयीचे असेल, तर उद्या दुपारी २ नंतर आम्ही प्रयोगशाळेतच आहोत.

दुसऱ्या बाटलीची तपासणी राहून गेली याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.

आपली विद्यार्थिनी,
स्नेहल जाधव
(गट क्रमांक ३ करिता)
गुरुवार, १२ मार्च २०२६

सोबत: प्रकरण १ ते ३, विहिरींचा नकाशा, आयन-ताळेबंदाचा तक्ता