नवजात अतिदक्षता विभागाला गुणवत्ता पुरस्कार मिळाल्याबद्दल सहकाऱ्यांचे आभार

आदरणीय संचालक महोदय, अधीक्षक सर, मेट्रन मॅडम आणि आपल्या एनआयसीयूतल्या माझ्या सगळ्या सहकाऱ्यांनो, नमस्कार.

दुपारचा हँडओव्हर आटोपून तुम्ही धावतपळत वर आलात. काही जणी तर रात्रपाळी करून घरी न जाता थांबल्या आहेत. म्हणून फार वेळ घेत नाही. विभागाची सिस्टर इन्चार्ज या नात्याने पुरस्कार माझ्या हातात दिला गेला, पण तो नेमका कशाचा आहे, एवढं मला सांगू द्या.

समिती पाहणीला आली तेव्हा त्यांनी दोन तास नोंदी पाहिल्या. मग त्यांच्यातले एक ज्येष्ठ सर आत यायला निघाले. दाराशी आपल्या मावशी होत्या. "साहेब, घड्याळ काढा, बाह्या कोपराच्या वर घ्या आणि हात धुवा." सरांनी भरभर हात धुतले. मावशी म्हणाल्या, "अंगठे राहिले, साहेब." सर काही न बोलता परत बेसिनकडे वळले. साबण-पाण्याने हात धुवायचे तर चाळीस ते साठ सेकंद द्यावे लागतात, हे आपण सगळे जाणतो. पण समोर परीक्षक उभा असताना ते त्याला सांगायची हिंमत वेगळी. मावशी, तुम्हाला ते कोण आहेत हे पक्कं माहीत होतं आणि तरीही तुम्ही थांबवलंत. आपल्या विभागातली गुणवत्ता म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

याला दुसरी बाजू आहे आणि तिचे आभार मानायचे राहून जातात. थांबवणारा जितका महत्त्वाचा, तितकाच थांबून घेणाराही. आपल्या कन्सल्टंट डॉक्टरांना, रेसिडेंट मुलामुलींना आमच्या सिस्टर्स अनेकदा "सर, गाऊन", "मॅडम, ग्लोव्हज बदला" असं म्हणाल्या. घाईच्या वेळीही म्हणाल्या. त्यावर कुणी आवाज चढवला नाही, कुणी मनात धरून ठेवलं नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर आयसीयूंनी सेंट्रल लाइनचं इन्फेक्शन कमी करून दाखवलं, तो अभ्यास २००६ साली छापून आला. त्यात कुठलं महागडं यंत्र नव्हतं. साध्या पाच-सहा गोष्टींची यादी होती, आणि एखादी गोष्ट राहिली तर नर्सने डॉक्टरला तिथेच थांबवायचं, ही मुभा होती. यादी कुणीही भिंतीवर लावू शकतं. ती मुभा मनापासून देणारे डॉक्टर मिळायला भाग्य लागतं. आमच्या डॉक्टरांनी ती दिली, त्यांचे मी हात जोडून आभार मानते.

रोज सकाळच्या राउंडला प्रत्येक बाळापाशी एक प्रश्न विचारला जातो, "ही लाइन आज हवीच आहे का?" नव्या रेसिडेंटना सुरुवातीला हा प्रश्न म्हणजे औपचारिकता वाटते. पण ज्या दिवशी उत्तर "नको" येतं, त्या दिवशी ती नळी निघते आणि जंतूंना आत शिरायची एक वाट बंद होते. हजार-बाराशे ग्रॅमच्या बाळासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आता एका रात्रीबद्दल. आपल्या एका ज्युनियर सिस्टरने औषध भरताना सिरिंज दिव्याकडे धरली आणि ती थबकली. लिहिलेल्या डोसमधला दशांशचिन्हाचा टिंब पुसट झाला होता. तसंच वाचलं असतं तर दहापट औषध गेलं असतं. तिने दुसऱ्या सिस्टरला बोलावून हिशेब पुन्हा केला, डॉक्टरांना फोन लावला, डोस नव्याने लिहून घेतला. बाळाला काहीही झालं नाही. इथपर्यंत कुठल्याही चांगल्या सिस्टरने केलं असतं. पण त्यानंतर पहाटे, डोळे मिटत असताना, तिने रजिस्टर काढलं आणि घडलं ते सगळं लिहून ठेवलं. कुणाला कधी कळलंही नसतं. तिने लिहिलं म्हणून पुढच्याच बैठकीत ठरलं की टिंबाच्या आधी शून्य लिहायचंच, आणि असा प्रत्येक डोस दोघींनी स्वतंत्रपणे काढायचा. ती सिस्टर आज या खोलीत आहे. तिचं नाव घेतलं तर ती संकोचेल, म्हणून घेत नाही. पण बाळा, तुझ्या त्या पानाचा मला फार अभिमान आहे.

कांगारू केअरचं श्रेय सर्वस्वी दुपारपाळीचं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरेनात, म्हणून डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी बांधली, आणि आज जग ते करतं. आपल्याकडे खुर्च्या होत्या, माहिती होती, अडत होतं ते घरच्यांच्या भीतीपाशी. वेल्ह्याहून आलेल्या एका आजींची सून अजून आयसीयूत होती आणि नातू आपल्याकडे. आजी म्हणत होत्या, "एवढंसं लेकरू, मी धरलं आन् काही झालं तर?" आमच्या सिस्टर त्यांच्याशेजारी स्टुलावर बसून राहिल्या. लुगड्याचा पदर सोडवून, बाळ छातीवर पालथं ठेवून, वरून दुपटं बांधून दिलं. मॉनिटरवर सॅच्युरेशन स्थिर झालेलं आजींना दाखवलं. पुढे त्या आजीच दुसऱ्या आयांना शिकवायला लागल्या! हे काम कुठल्याही तक्त्यात बसत नाही.

बायोमेडिकलच्या दादांनो, मध्यरात्री पंप बंद पडला तर फोन उचलता, त्याबद्दल आभार. सीएसएसडी, फार्मसी, लाँड्री, लॅब, तुमच्याशिवाय आमचा एक तासही निघत नाही. सिक्युरिटीच्या मामांनी रात्री-अपरात्री दूध द्यायला आलेल्या आयांना भेटीची वेळ न सांगता वर सोडलं, तेही विसरता येणार नाही. आणि ज्या आयांनी स्वतःच्या बाळाचं भागवून उरलेलं दूध दुसऱ्याच्या बाळासाठी दिलं, त्यांना माझा नमस्कार. १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू झाली, ती अशाच आयांच्या भरवशावर.

तुमच्या घरच्यांचं ऋण वेगळंच आहे. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोड, टिळक रोड, सगळीकडे रस्ते बंद. कुणी सिंहगड रोडहून पहाटेच निघालं, कुणी डेक्कनला बस सोडून चालत आलं, पण एकाही पाळीला माणूस कमी पडला नाही. त्या दिवशी घरच्या गणपतीची उत्तरपूजा तुमच्याविना झाली. घरी गेल्यावर माझा निरोप द्या.

संचालक महोदय, पुरस्काराच्या रकमेतून कांगारू केअरसाठी आणखी चार आरामखुर्च्या आणि आयांसाठी एक पडदा लावलेला कोपरा मिळावा, ही आम्हा सगळ्यांची विनंती आहे. अर्ज मेट्रन मॅडमकडे आजच दिला आहे.

आता फोटो. तो दोनदा काढायचा आहे, कारण ड्युटीवरच्या जणी आत्ता बाळांपाशी आहेत. पहिला आत्ता, दुसरा रात्री आठला पाळी बदलताना, विभागाच्या दाराबाहेर. पेढ्यांचे दोन खोके त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवलेत, ते कुणी उघडू नका. मावशी, तुम्ही या पुढे, सन्मानचिन्ह तुम्ही धरा.