विषय: शेवटच्या दोन स्प्रिंटसाठी स्कोप गोठवण्याबाबत

नमस्कार मॅडम,

काल अंधेरीच्या मीटिंगमध्ये तुम्ही विचारलंत, "टीम तीच, मग वेग का कमी झाला?" रात्री बसून बॅकलॉग मोजला.

सातव्या स्प्रिंटमध्ये ४ बदल आले, आठव्यात ७, नवव्यात ११. एकूण २२. त्यातले १३ स्प्रिंट सुरू झाल्यावर आले. एकट्या मेंटेनन्स बिलाच्या छापील नमुन्यात ५ बदल झाले आणि पाचवा बदल म्हणजे जवळपास पहिलाच नमुना होता! यात दोष फक्त तुमच्याकडचा नाही, त्यातल्या ३ गोष्टी आम्हीच आधी नीट विचारल्या नव्हत्या. पण नवव्या स्प्रिंटमध्ये टेस्टिंगला ठेवलेल्या ४ दिवसांपैकी दीडच दिवस हाती लागला. थकबाकीवरच्या व्याजाचा हिशेब त्यामुळे पुरता तपासलेलाच नाही, आणि सोसायटीत भांडणं नेमकी त्यावरूनच होतात.

म्हणून विनंती, दहाव्या आणि अकराव्या स्प्रिंटमध्ये नवीन काही घेऊ नये. पैशाचा हिशेब चुकत असेल किंवा कायद्याचा नियम बदलला, उदाहरणार्थ जीएसटीची दरमहा ७,५०० रुपयांची मर्यादा, तर अर्थातच घेऊ. बाकी सूचना दुसऱ्या टप्प्याच्या यादीत जातील. अगदीच अडलं, तर तेवढ्याच आकाराचं दुसरं काम तुम्ही स्वतः त्या स्प्रिंटमधून काढून टाकायचं.

दहाव्याचं प्लॅनिंग शुक्रवारी ११ वाजता आहे. गुरुवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवाल का? २२ बदलांची तारीखवार शीट सोबत जोडली आहे.

आपला,
प्रोजेक्ट मॅनेजर, सोसायटी बिलिंग