वैशालीच्या हॉटेलबद्दलचा मेसेज: हा पाठव, तो नको

स्वप्निल,

ग्रुपवर टाकण्याआधी मेसेज मला दाखवलास, हे बरं केलंस. तू लिहिलं होतंस:

"रस्सा म्हणजे नुसता जाळ, चव शून्य. वडाभात गारढोण. चाळीस मिनिटं उपाशी बसवलं. वाढणारा पोरगा वेंधळा. वर बिलात सर्व्हिस चार्ज, म्हणजे लूटच. चांगली नोकरी सोडून हे धंदे करायला कोणी सांगितलं होतं?"

शेवटचं वाक्य मी पार उडवलं. नोकरी सुटली ती सुटली, आता त्यावर ती काय करणार? बाकीचं बहुतेक खरं आहे, मीही तेच जेवले. पण "चव शून्य" वाचून उद्या सकाळी भांड्यात काय कमी-जास्त करायचं ते तिला कसं कळेल? "लूट" हा शब्दही काढला. चूक बिलातली आहे, तिच्या हेतूतली नाही. खालचा मेसेज ग्रुपवर नको, तिला एकटीला पाठव. आणि गूगलवर तारे द्यायची घाई करू नकोस बे.

---

वैशाली, शनिवारी जेवून आलो तेव्हा "खरं सांग" म्हणाली होतीस, म्हणून सविस्तर लिहितो.

झुणका-भाकरी फर्मास होती. जवसाची चटणी तर मी दुसऱ्यांदा मागून घेतली. हे दोन पदार्थ आहेत तसेच राहू दे, कोणी काहीही सांगो.

पाटोडी मऊ होती, रश्श्यात फुटलीही नाही. रस्सा मात्र मला जड गेला. सावजी पद्धतीचा म्हणजे तिखट असणारच, ती तक्रार नाही. पण पहिल्या घासाला फक्त मिरची लागली, खोबऱ्याची आणि भाजलेल्या मसाल्याची चव तिच्याखाली दबून गेली. तुझ्या घरच्या रश्श्यात ती आधी लागते. मसाला कमी भाजला गेला की मिरची जास्त पडली ते मला सांगता येणार नाही, तू स्वतः चाखून बघ. वर तर्रीचा थरही जाड होता. ती वेगळ्या वाटीत दिलीस तर? पोह्यांच्या ठेल्यावर आपण "तर्री कमी" सांगतोच ना. ज्याला झणझणीत पाहिजे तो ओतून घेईल, बाहेरगावचा पाहुणाही पोटभर जेवेल.

वडाभात आला तेव्हा भात कोमट होता आणि वडे आधी तळून ठेवलेले वाटले. वडे ऑर्डर आल्यावर तळता आले तर उत्तमच. ते जमलं नाही तरी वरची हिंग-मोहरीची फोडणी कडकडीत येऊ दे, अर्धं काम तिथेच होतं. आमचं टेबल कूलरच्या बरोबर समोर होतं, त्यानेही ताट निवलं. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद कर असं कोण म्हणेल? त्याचं तोंड तेवढं दाराकडे वळव.

ताट यायला चाळीस मिनिटं लागली. शेजारच्या टेबलांवर मंचुरियन आणि पनीर जात होतं, आत हात मोजकेच. मला वाटतं, खरी अडचण मेनूत आहे. सुरुवातीचे दोन-तीन महिने झुणका, पाटोडी, वडाभात, गोळाभात आणि भरीत एवढंच ठेवलंस तर? मंचुरियन त्रिमूर्तीनगरात कुठेही मिळतं, चांगला गोळाभात शोधत फिरावं लागतं.

वाढणारा मुलगा आमची ऑर्डर विसरला, पण सगळी टेबलं तो एकटा पाहून राहिला होता आणि सगळं डोक्यात ठेवत होता. त्याला रागावू नकोस, एक वही दे. न मागता पाणी आणून देणारा पोरगा आहे तो.

एक गोष्ट मात्र आजच बदल. बिलात ५ टक्के जीएसटीनंतर सर्व्हिस चार्ज आपोआप लागला होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो असा बिलात लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवताना तो चालू राहिला असेल, बंद करून घे. खर्च भागत नसेल तर थाळीचे दहा रुपये वाढव, त्यावर कोणी भांडणार नाही. न विचारता लावलेल्या चार्जवर मात्र गिऱ्हाईक भांडेल.

बुधवारी रात्री आईला घेऊन येतो. तिला तिखट सोसत नाही, तिच्यापुरती तरी तर्री वेगळी ठेव. आणि पैसे घ्यायचे, मागच्यासारखं "राहू दे" नको.

स्वप्निल

---

दुपारी चारनंतर पाठव. त्याआधी ती कढईपुढे असते. आणि बुधवारी खरंच जा रे, नाहीतर काकूंचं नाव उगाच लिहिलं असं होईल.

माधुरी