कुंभार्ली उतरण्याआधी: टायर आणि ब्रेक

स्लाइड १
पावसात कराडहून चिपळूणला निघालात?
घाटाआधी गाडीचे टायर आणि ब्रेक बघून घ्या. एका स्लाइडवर एकच तपासणी. बहुतेक तुमच्या अंगणातच होतील.

स्लाइड २: नक्षी किती उरली?
टायरखालचं पाणी खाचांमधून बाहेर फेकलं जातं. खाच उथळ झाली की पाणी खालीच अडकतं आणि वेगात टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतो. मग स्टेअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेक दाबूनही गाडी ऐकत नाही.
खाचांच्या तळाशी आडव्या रबरी पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, तर फक्त १.६ मिमी उरली आहे. कायद्याची मर्यादा तीच. पण घाटातल्या पावसाला तेवढी पुरत नाही. ३ मिमीच्या खाली गेलेला टायर आम्ही बदलायलाच सांगतो.
आत, मध्ये, बाहेर अशी तीन ठिकाणी पाहा. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की पुढच्या टायरची आतली कडही दिसते. गोटा झालेला भाग बहुतेक वेळा तिथेच लपलेला असतो.

स्लाइड ३: झीज सारखी आहे का?
दोन्ही कडा झिजल्या: हवा कमी राहते.
मधला पट्टा झिजला: हवा जास्त भरली जाते.
एकच कड झिजली: अलाइनमेंट करून घ्या.

स्लाइड ४: हवा बरोबर आहे का?
‘पावसात हवा थोडी कमी ठेवा, पकड वाढते’ हा सल्ला अजूनही दिला जातो. कृपया ऐकू नका. हवा कमी असली की टायर मध्ये दबतो, खाचा मिटतात आणि पाणी निघायला वाटच राहत नाही.
आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. सामान भरून, पाच जण बसून जाणार असाल तर त्याच स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा घ्या. टायर थंड असताना, सकाळी निघतानाच तपासा.

स्लाइड ५: वय किती, फुगा आलाय का?
टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. टायर जुना असेल तर नक्षी चांगली दिसली तरी बारीक भेगा शोधा. बाजूवर फुगा दिसला तर तो टायर घाटात न्यायचाच नाही. आतले धागे तुटलेले असतात.

स्लाइड ६: जास्त नक्षीची जोडी मागे आहे का?
दोनच टायर नवे घेतले तर ते पुढे बसवायचा आग्रह बरेच जण करतात. ते मागे बसवा. ओल्या वळणावर मागची चाकं सुटली की गाडी गरकन फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही.

स्लाइड ७: स्टेपनीत हवा आहे का?
जॅक आणि पानाही डिकीत आहे ना, बघा.

स्लाइड ८: ब्रेक पॅड किती उरले?
अलॉय व्हील असेल तर फटीतून टॉर्चने दिसतात. ३ मिमीच्या आसपास आले की बदला. रात्रभर पाऊस पडल्यावर पहिल्या एक-दोन ब्रेकला घासल्यासारखा आवाज येतो, तो डिस्कवरच्या हलक्या गंजाचा. काळजी नको. रोज चिरका आवाज येत असेल तर पॅड संपत आलेत. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आला तर गाडी तिथेच थांबवा.

स्लाइड ९: ब्रेक ऑइल कधी बदललं?
याची आठवण फार कमी जणांना असते, म्हणून जरा सविस्तर. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरला की ही मर्यादा १५५ अंशांच्या जवळ येऊ शकते. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की तो तापतो, ऑइलमध्ये वाफ धरते आणि पेडल स्पंजसारखं आत जातं.
साधारण दर दोन वर्षांनी बदला. नुसतं वरून भरू नका. टाकीतली पातळी खाली गेली असेल तर आधी कारण शोधा: पॅड झिजलेत की कुठे गळती आहे?
आणि उतरताना दुसरा गिअर. ब्रेकचं अर्धं काम इंजिनला करू द्या.

स्लाइड १०: एबीएसचा दिवा विझतो का?
गाडी सुरू केल्यावर दिवा लागून विझला पाहिजे. तसाच राहिला तर गॅरेजला आणा. एबीएस काम करताना पेडल पायाखाली थरथरतं. घाबरून पाय काढू नका, दाबूनच ठेवा.

स्लाइड ११: हँडब्रेक सुटतो का?
पावसात गाडी आठवडाभर उभी राहिली की मागचे लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक मोकळा सोडा.

पोस्टखालचा मजकूर
साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर मागे कोणी नाही हे बघून, हळू चालवत दोन-तीनदा हलका ब्रेक दाबा, म्हणजे पॅड कोरडे होतात. गणपतीला गावी जाणाऱ्यांनी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी येऊ नका, आठवडाभर आधी या. एखाद्या गाडीचे पॅड बाहेरून मागवावे लागतात आणि घाईत तुम्हाला तसंच पाठवणं आम्हाला जमणार नाही.